हट्टी आंतरदेशीय

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक पत्र पाच महिने राहायला होतं. चष्म्याचं घर, विजेची बिलं, शाई वाळलेली दोन पेनं यांच्यात त्यानं पहिल्या दिवसापासून जागा धरली. खण उघडला की ते आधी दिसायचं. निळं, पातळ, अडीच रुपयांचं आंतरदेशीय. पोस्टातून मी अशी पाच आणली होती. पोस्टातल्या मुलीनं कपाटाच्या तळातून गठ्ठा काढून त्यावरची धूळ फुंकली आणि ‘एवढी कशाला, काका?’ असं विचारलं. एकच लिहायचं आहे, असं मी सांगितलं. तिला ते विचित्र वाटलं असावं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं की त्यातली चार वाया जाणार आहेत.

कागद पाच, पण पत्र एकच. त्या पाच कागदांमधून एकच स्वभाव वावरत होता, म्हणून मी त्याला एकच धरतो.

आंतरदेशीय हा मुळात कमी बोलणारा प्रकार. पाकिटातल्या पत्राला वाटेल तेवढी पानं जोडता येतात. पोस्टकार्ड वाटेतल्या सगळ्यांना सगळं सांगत जातं. आंतरदेशीय दोघांच्या मधलं. घड्या घालून चिकटवलं की आतलं आत राहतं, पण जागा मोजकी. आत काही घालू नका, अशी ताकीद त्याच्या अंगावरच छापलेली असते. फोटो नाही, अंगारा नाही, दहाची नोट नाही. जे काय असेल ते शब्दांत सांगा आणि एवढ्याच जागेत सांगा. फोडायला बसलं की तीन बाजूंनी अलगद फाडावं लागतं. घाई केली तर कडेचे शब्द डिंकाबरोबर जातात. एकूण, हा गृहस्थ लाडात येणारा नव्हे.

पहिल्या कागदावर मी मायना लिहिला, ‘तीर्थस्वरूप गुरुजींना शि. सा. नमस्कार वि. वि.’ तीर्थरूप फक्त आईवडिलांना, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे त्याच गुरुजींनी शिकवलेलं. मायन्याला पत्रानं हरकत घेतली नाही. पुढे मी लिहिलं, ‘आपण माझ्या आयुष्यातले दीपस्तंभ आहात. आपण केलेल्या संस्कारांमुळेच मी आज...’ तिथे हात थांबला. ‘आज’च्या पुढे काय? आज मी एक निवृत्त कारकून. दीपस्तंभ तर मी चाळिशीपर्यंत पाहिलाही नव्हता. आमचा माण तालुका समुद्रापासून लांब, आणि पाण्यापासून त्याहून लांब.

पत्र तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी खण उघडला तर ते माझ्याकडे असं बघत होतं, जसं हिशेब न जुळणाऱ्या कीर्दीकडे हेडक्लार्क बघतो.

हे सगळं सुरू झालं ते ३१ मे २०१७ला, माझ्या निरोप समारंभात. माझी जन्मतारीख १ जून. म्हणजे शाळेत नाव घालताना कुणीतरी अंदाजानं टाकलेली. आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे आणि ३१ मेला निवृत्त झालेला आहे. शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. प्रामाणिक, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ. मनमिळाऊ म्हणणारा माणूस चार महिन्यांपूर्वी बदलून आलेला होता आणि आमचं दोघांचं एकदाच बोलणं झालं होतं, तेही भांडण. मी हात जोडून बसलो होतो आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. हे कुणी पाहिलं? ते वाक्य माझं नव्हतं. गुरुजींचं होतं. पंचेचाळीस वर्षं मी ते वापरत होतो आणि ज्यांचं आहे त्यांना एका ओळीनंही कळवलं नव्हतं.

तेव्हा पत्राला हवं होतं ते हेच वाक्य. दीपस्तंभ नको होता. चौथा कागद वाया गेल्यावर मला ते उमगलं.

पाचव्यावर मायन्यानंतर थेट लिहिलं, ‘गुरुजी, मी १९७२ साली सातवीत होतो. पावसाच्या वहीची माझी पाळी असताना मी एका रविवारी खोटं शून्य लिहिलं होतं.’ आणि पत्र चालू लागलं.

ती वही आणि ते पर्जन्यमापक यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पत्रात ते दोन ओळींत उरकलं आहे. गुरुजींना सगळं ठाऊकच होतं.

आमच्या शाळेकडे विकतचं पर्जन्यमापक नव्हतं. गुरुजींनी गावातल्या पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून एक नरसाळं करवून घेतलं, तोंड बरोबर सोळा सेंटिमीटर. ते अरुंद गळ्याच्या बाटलीत बसवलं, म्हणजे पडलेलं पाणी उन्हानं उडायला नको. बाटली एका डब्यात, डबा अर्धा जमिनीत. नरसाळ्याची कड जमिनीपासून वीतभर वर, नाहीतर बाजूला पडलेले थेंब उडून आत जातात आणि न पडलेला पाऊस मोजला जातो. आम्हाला ते भिंतीशी ठेवायचं होतं, शेरडं पाडतील म्हणून. गुरुजींनी भिंतीची उंची मोजायला लावली, तिची दुप्पट केली आणि तेवढं अंतर सोडून खड्डा घ्यायला लावला. वाऱ्याबरोबर पाऊस तिरका येतो, जवळची भिंत तो अडवते. शेरडांसाठी बाभळीच्या काट्यांचं ठेंगणं कुंपण केलं.

मोजायला जनावरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली काचेची मोठी सिरिंज होती, वीस मिलिलिटरची. ती धडप्यात गुंडाळून गुरुजींच्या कपाटात असायची. बाटलीतलं पाणी सिरिंजनं ओढायचं. एक पूर्ण सिरिंज म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. उरलेल्या पाण्यात दर दोन मिलिलिटरला एक दशांश. हे कसं, ते गुरुजींनी फळ्यावर करून दाखवलं होतं. सोळा सेंटिमीटर तोंडाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटरच्या अगदी जवळ येतं. त्यावर एक मिलिमीटर उंचीचं पाणी साचलं तर ते वीस घनसेंटिमीटर, म्हणजेच वीस मिलिलिटर. मी पाटबंधारे खात्यात लागलो आणि खात्याचं पर्जन्यमापक पहिल्यांदा हातात घेतलं, त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळही दोनशे चौरस सेंटिमीटर निघालं. गुरुजींनी सोळा आकडा कुठून काढला, ते मला तेव्हा कळलं. सकाळी साडेआठचा हट्टही तसाच. देशभर दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा म्हणून लिहितात. साडेदहाला भरणाऱ्या शाळेच्या पोरांना साडेआठला यावं लागायचं, त्यावरून आमच्या आया कुरकुरायच्या.

आता हे सगळं १९७२ साली चाललं होतं, यातली गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, तो लक्षात घ्या. मोजायला पाऊसच नव्हता. आमच्याच सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. सह्याद्रीवर ढग रिकामे झाले की उरलंसुरलं आमच्याकडे येतं. चांगल्या सालीही पाचशेची मारामार. त्या साली तर नक्षत्रामागून नक्षत्र कोरडं गेलं. वहीत जूनपासून शून्य. ०.०, ०.०, ०.०. पानं भरत होती. विहिरींनी तळ दाखवला होता, बैल बाजारात कवडीमोलानं जात होते, माझे वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते आणि आम्ही पोरं रोज सकाळी साडेआठला कोरडी बाटली उपडी करून ‘शून्य’ लिहीत होतो. एकदा मी विचारलंच, पाऊस नाही तर मोजायचं कशाला? गुरुजी म्हणाले, ‘नाही हे पण मोजल्याशिवाय कळत नाही.’ मला ते पटलं नाही. लहान होतो, चार कोस पाण्याला जाणारी आई रोज बघत होतो. नाही हे कळायला बाटली कशाला लागते?

म्हणून माझ्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, मी गेलो नाही. आमची वस्ती शाळेपासून तीन किलोमीटरवर. शनिवारी आमच्याकडे थेंब नव्हता, धुरळा होता. सोमवारी शाळेत जाऊन रविवारच्या रकान्यात झोकात ०.० लिहिलं. त्याच सकाळी पाळी बदलली होती. पुढच्या पोरानं सिरिंज लावली आणि त्याच्या बाटलीत पाणी. सहा पूर्ण सिरिंजा आणि वर सोळा मिलिलिटर. म्हणजे ६.८. त्यात दोन मुंग्या मेलेल्या. पोरगं आनंदानं ओरडत आलं. मला मात्र घाम फुटला, कारण रविवारी रात्री आभाळात चांदणं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं.

झालं होतं असं की शनिवारी दुपार कलल्यावर शाळेच्या गावावर एक सर येऊन गेली होती. आमच्या भागात पाऊस असाच पडतो, बांधाच्या अलीकडे भिजवतो आणि पलीकडे फिरकत नाही. गुरुजी गावातच खोली घेऊन राहायचे. त्यांनी ती सर पाहिली होती. न मोजलेलं पाणी कुठे जात नाही, ते बाटलीत थांबतं आणि दुसऱ्याच्या दिवसात जाऊन बसतं. माझी चोरी पकडायला कुणी साक्षीदार लागला नाही. वहीतले दोन आकडे शेजारी ठेवले की झालं.

गुरुजींनी मारलं नाही. त्या काळात हे नोंदवण्यासारखं आहे. त्यांनी वही पुढ्यात घेतली.

‘रविवारी किती झाला रे?’

‘शून्य, गुरुजी.’

‘तू गेलावतास?’

मी गप्प.

‘मग हे शून्य कुणी पाहिलं?’

एवढंच. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून दुरुस्ती करून घेतली. खोडरबर चालणार नाही, गिरवायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर नोंद, आणि सही. मी म्हणालो, बरोबर नोंद काय लिहू? रविवारचा आकडा तर कुणालाच माहीत नाही. ते म्हणाले, ‘माहीत नाही तर रेघ मार. शून्य म्हणजे मी गेलो, पाहिलं, पाणी नव्हतं. रेघ म्हणजे मी गेलोच नाही. दोन्ही एक नव्हेत.’ सोमवारच्या ६.८पुढे ‘दोन दिवसांचा मिळून’ असं लिहायला लावलं आणि वही मिटली.

इथपर्यंत पत्र सरळ आलं. दुसरी घडी भरत आली होती. मी आता धरणावरच्या नोकरीकडे वळणार होतो, कारण तिथे सांगण्यासारखं काहीतरी केलं होतं. पत्र अडलं. तीन संध्याकाळी पेन घेऊन बसलो आणि तीनदा उठलो. त्याला मधलं एक हवं होतं, जे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

त्या सालात आमच्याकडे मिलोची भाकरी असायची. परदेशातून आलेली लालसर ज्वारी, रेशनवरची. घरात खाणारी सहा तोंडं. आई आम्हाला वाढायची आणि वडील विचारायचे, ‘तुझं?’ ती म्हणायची, ‘माझं झालंय.’ रोज. मी रोज ऐकायचो आणि माझ्या मनाच्या वहीत रोज लिहिलं जायचं, आईचं झालं. गुरुजींनी वही मिटली त्याच रात्री आई म्हणाली, ‘माझं झालंय.’ आणि माझ्या डोक्यात आलं, हे कुणी पाहिलं? सगळे झोपल्यावर मी उठून दुरडी उघडली. रिकामी होती. ताटल्या मोजल्या, पाचच खरकट्या. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पदर पोटाशी घट्ट बांधलेला.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धी भाकरी दुरडीत परत ठेवू लागलो आणि म्हणू लागलो, ‘माझं झालंय.’ म्हणजे खोटं बोलणं सुटलं नाहीच. पण बघितल्याशिवाय मान्य करणं सुटलं. पत्रात मी हे लिहिलं तेव्हा जागा इतकी उरली नव्हती की सजवावं. बरं झालं.

मग धरण. चिकटवायच्या घडीच्या आतली अरुंद पट्टी शिल्लक होती, त्यावर बारीक अक्षरात ते बसवलं.

नोकरीत माझ्याकडे एका धरणावरच्या नोंदवह्या होत्या. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की दर तासाला पातळी लिहायची. पट्टीवर बॅटरी मारून आकडा वाचायचा, वहीत टाकायचा. एका रात्री वीज गेली, वाऱ्यापावसात पट्टीपर्यंत जाणं जमलं नाही आणि दोन, तीन, चार वाजताचे आकडे राहिले. एकला जी पातळी होती तिच्यापेक्षा पाचला चाळीस सेंटिमीटर वर. सकाळी साहेब आले. वही पाहिली आणि म्हणाले, ‘दहा दहा सेंटिमीटर चढवत मधले तीन टाकून द्या, पान रिकामं दिसतंय.’ त्यांचं म्हणणं अगदी वेड्यासारखं नव्हतं. चाळीसला चारनं भागलं की दहा येतात.

पण पाणी भागाकारानं चढत नाही. धरणात येणारं पाणी असं कुणाला थेट मोजता येत नाही. दर तासाला पातळी किती चढली, त्यावरून साठा किती वाढला, त्यात दारांतून सोडलेलं मिळवायचं, मग आलेलं पाणी निघतं. समजा त्या रात्री दोन ते तीन या एकाच तासात पाणी पंचवीस सेंटिमीटर चढलं आणि बाकीच्या तीन तासांत मिळून पंधरा. त्या तासाभरात पुराचा लोंढा येऊन गेला. दहा दहा भरले की लोंढा वहीतून नाहीसा होतो आणि त्या जागी शहाण्यासारखं चढणारं पाणी उरतं. पुढे कुणी तीस वर्षांच्या वह्या घेऊन सर्वांत मोठा पूर शोधायला बसला तर माझे तीन गोंडस आकडे त्याला खरेच वाटणार. रेघ दिसली तर निदान तो थांबेल. म्हणेल, इथे काय झालं ते माहीत नाही.

असे भरलेले आकडे ओळखता येतात, ते मला नंतर जुन्या वह्या चाळताना जमू लागलं. खऱ्या नोंदींचे शेवटचे अंक कसेही येतात, तीन, सात, एक. घरी बसून भरलेल्या पानात शून्य आणि पाच दाटी करतात. शिवाय खऱ्या पानावर चिखल असतो, एखाद्या रात्रीची शाई फुटलेली असते, अक्षर थंडीनं वाकडं झालेलं असतं. भरलेलं पान एका बैठकीचं दिसतं, एका पेनाचं, एका हाताच्या दाबाचं.

मी तीन रेघा मारल्या आणि खाली सही केली. ‘कारणे दाखवा’ आली. उत्तरात लिहिलं की सदर वेळी नोंद घेतलेली नाही. पुढे काही झालं नाही. बढती दोन वर्षं उशिरा आली, पण ती ह्यामुळेच की आणखी कशामुळे, हे मी सांगू शकत नाही. तिथेही रेघच.

हे सगळं गुरुजींना कळवताना मला वाटलं, आता आभार पुरे झाले. पण पत्राचं समाधान होईना. तुझ्यात बदललं ते सगळं चांगलंच झालं का, असं ते विचारत असावं. तसं झालेलं नाही. या सवयीनं मी घरात नकोसा होतो. पाहुणे निघाले का, असं बायको विचारते आणि मी म्हणतो, माहीत नाही. ‘निघाले असतील’ एवढं म्हणायला काय जातं तुमचं, असं ती म्हणते. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी मुलगा निर्व्यसनी आहे म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तुम्ही पाहिलंत?’ बैठक मोडता मोडता राहिली. जावई आजही मला चहा देताना हे आठवून हसतो. गप्पांत बसणारा माणूस मी नाही. गप्पा अंदाजांवर चालतात. हे लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्याशेजारी एक ओळ उभी लिहिली, ‘थोडा तिरसट झालो, त्याचाही वाटा तुमच्याकडे.’ ‘लोभ असावा’ला जागा उरलीच नाही. पत्राला त्याचं सुखदुःख नव्हतं.

गुरुजींचा पत्ता एका वर्गमित्राकडून मिळाला. ते थोरल्या मुलाकडे होते, एकोणऐंशी वर्षांचे. ऐकू कमी येतं, वाचतात मात्र अजून, असं तो म्हणाला. चिकटवण्याआधी मी पत्राची झेरॉक्स काढून ठेवली. कार्यालयीन सवय, जावकाची स्थळप्रत फायलीला लागतेच. मग कडांना जिभेचं पाणी लावलं, घड्या दाबल्या आणि ऑक्टोबरच्या एका सकाळी ते पेटीत सोडलं. आवाजही झाला नाही. पाच महिने माझ्या खणात मालकासारखं राहिलेलं ते पत्र जाताना एवढं हलकं होतं.

तेरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पन्नास पैशांचं. अक्षर थरथरतं, पण ओळी सरळ, समासही सोडलेला.

‘चि. यास अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. त्या वर्षीची वही माझ्याकडे आहे, बदली झाली तेव्हा बरोबर आणली होती. काल काढून पाहिली. तुझी रविवारची रेघ आहे व सही आहे. सोमवारचा आकडा ६.८ नसून ८.६ आहे. तू स्मरणावर लिहिलेस असे दिसते. भाकरीचे मला माहीत नव्हते. प्रकृती बरी. कळावे.’

मी कार्ड दोनदा वाचलं. मग फाईल काढली, स्थळप्रत समोर घेतली. पंचेचाळीस वर्षं ते पाणी माझ्या डोक्यात सहा सिरिंजा आणि वर सोळा मिलिलिटर होतं. मुंग्याही दोनच होत्या. मुंग्यांबद्दल गुरुजींनी काही लिहिलं नव्हतं. ६.८वर एक आडवी रेघ मारली, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर ८.६ लिहिलं. सही केली, आणि त्या दिवसाची तारीख टाकली.